इंजिन फिरतंय, पण पकडत नाही

बटण दाबलं की सेल्फ फिरतो, इंजिनही फिरतं, पण गाडी पकडत नाही. मग किक मारायची. दहा किका, वीस किका. पेट्रोलचा वास सुटतो, शर्ट घामानं भिजतो आणि शेवटी गाडी ढकलत गॅरेजला न्यायची. तिथे नवा प्लग पडतो, गाडी चालू होते आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

माझ्या भाच्याचं गेल्या हिवाळ्यात नेमकं हेच चाललं होतं. तो कोल्हापूरजवळच्या एका गावात राहतो आणि घरापासून दोन किलोमीटरवरच्या गुऱ्हाळावर कामाला जातो. गाडी २०१४ची, १२५ सीसीची, कार्बोरेटरवाली, सेल्फ आणि किक दोन्ही असलेली. महिन्याभरात तिसरा प्लग बसला होता. मी गेलो तेव्हा तो म्हणाला, "मामा, प्लग बदलला की चालू होते, पण टिकत नाही. आता कॉइल बदलायची म्हणतायत." मी म्हटलं, "कॉइल थांबू दे. आधी गाडीलाच विचारू."

इंजिन फिरतंय याचा अर्थ सेल्फची मोटर ठीक आहे आणि आत पिस्टन वरखाली होतोय. राहतात त्या तीन गोष्टी: पेट्रोल, ठिणगी आणि हवा. या तिन्ही योग्य वेळी, योग्य मापात जमल्या की इंजिन चालू व्हायलाच हवं. झालं नाही तर तिघांपैकी कुणीतरी गैरहजर आहे किंवा कमी पडतंय. मी याच क्रमानं जातो, कारण पेट्रोल डोळ्यांनी दिसतं, ठिणगी थोड्या खटपटीनं दिसते आणि हवा दिसतच नाही. तिचा दोष दुसऱ्या कशाच्या तरी रूपात समोर येतो. त्यामुळे आधीच्या दोघांची खात्री झाल्याशिवाय हवेबद्दल काही ठरवता येत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, स्क्रू फिरवला आणि गाडी चालू झाली, तर नेमकं कशानं चालू झाली हे कुणालाच कळत नाही.

हत्यारं काढण्याआधी हँडलवरचा लाल किल स्विच पाहून घ्यायचा. काही गाड्यांमध्ये तो बंद असला तरी सेल्फ फिरतो, आणि किकला तर त्याच्याशी काही देणंघेणंच नसतं. पाणी मारून गाडी धुताना किंवा पोरांनी गाडीवर बसून खेळताना तो बंद होतो आणि तासभर वाया जातो. भाच्याच्या गाडीत तो चालूच होता.

आता पेट्रोल. टाकीत पेट्रोल आहे एवढ्यावर भागत नाही, ते कार्बोरेटरपर्यंत पोचतंय का हे बघायचं असतं. कार्बोरेटरच्या तळाला एक छोटी वाटी असते. तिच्यातला फ्लोट पेट्रोलबरोबर वर उचलला जातो आणि वाटी भरली की सुई लावून वाट बंद करतो. वाटीच्या बुडाशी एक ड्रेन स्क्रू असतो आणि त्याच्या खाली बारीक नळी. इंजिन गार असताना, चावी बंद ठेवून, उघड्यावर, त्या नळीखाली काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची बाटली धरायची, कॉक चालू करायचा आणि स्क्रू दीड-दोन फेरे सैल करायचा. आजूबाजूला बिडी-काडी नको हे वेगळं सांगायला नको.

पहिल्यांदा वाटीतलं पेट्रोल येतं, तेवढं कुठल्याही गाडीत येतंच. खरी तपासणी त्याच्यानंतर. वाटी रिकामी झाल्यावरही बारीक धार सलग चालू राहिली, तर टाकीपासून इथपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. धार हळूहळू बारीक होत थेंबांवर आली, तर कॉकमधली जाळी, मधला फिल्टर किंवा टाकीच्या झाकणाचं श्वासाचं छिद्र बुजलेलं असतं. झाकणाची शंका असेल तर धार थेंबांवर आल्यावर झाकण उघडायचं. 'स्स' असा आवाज येऊन धार पुन्हा जोर धरू लागली तर दोष झाकणाचा. टाकीतून पेट्रोल खाली उतरायचं तर तेवढी हवा वरून आत यावी लागते. छिद्र बुजलेल्या गाड्या सकाळी चालू होतात, पाच-सात किलोमीटर जातात आणि मग रस्त्यातच बंद पडतात.

बाटली पाच मिनिटं तशीच ठेवायची. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यानं खाली बसतं आणि दोन थरांमधली रेघ स्पष्ट दिसते. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाभोवती पाणी साचून आत झिरपतं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाण्याला स्वतःत मिसळून घेतं, त्यामुळे थोडं पाणी पेट्रोलबरोबर निघून जातं. मात्र मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. कॉकचं तोंड तळाशीच असल्यानं इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. असा थर दिसला तर नुसती वाटी रिकामी करून उपयोग नाही, टाकी पूर्ण उतरवावी लागते.

भाच्याच्या गाडीची धार सलग होती आणि बाटलीत एकच थर होता. मग प्लग काढला.

प्लग काढणं हा या सगळ्या तपासणीचा मधला खांब आहे. तो एकाच वेळी पेट्रोलचंही सांगतो आणि ठिणगीचंही. आधी फडक्यानं किंवा फुंकर मारून प्लगभोवतीची माती साफ करायची, नाहीतर ती सरळ सिलेंडरमध्ये पडते. मग प्लगचा पाना लावून काढायचा आणि टोक डोळ्यांजवळ धरायचं. दहा-बारा किका मारूनही टोक कोरडंठाक असेल, तर पेट्रोल वाटीपर्यंत येतंय पण सिलेंडरपर्यंत नाही. अशा वेळी बहुतेकदा स्लो जेटमध्ये कचरा अडकलेला असतो. त्या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं आणि गाडी चालू होताना सगळी भिस्त त्याच्यावर असते. महिना-दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल उडून जाऊन मागे राहिलेला चिकट राळेसारखा थर ते भोक बुजवतो. ते कार्बोरेटर क्लीनरनं आणि हवेच्या दाबानं मोकळं करायचं, तार घालून नाही. तारेनं भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल प्यायला लागते.

कोरड्या प्लगची खात्री करायची एक जुनी युक्ती आहे. इंजेक्शनच्या सिरिंजनं प्लगच्या भोकात पाच-सहा थेंब पेट्रोल सोडायचं, प्लग बसवायचा आणि किक मारायची. इंजिन दोन-चार ठोके देऊन बंद पडलं तर ठिणगी आणि हवा दोन्ही ठीक आहेत, अडलंय ते पेट्रोलपाशी.

भाच्याच्या गाडीचा प्लग कोरडा नव्हता. तो ओला होता, त्याला पेट्रोलचा झणझणीत वास होता आणि टोकाभोवतीच्या पांढऱ्या चिनीमातीवर मखमलीसारखी काळी काजळी बसली होती. बोट फिरवलं की बोट काळं. जेमतेम दहा दिवसांपूर्वी बसवलेला प्लग होता तो. म्हणजे पेट्रोल येत होतं, गरजेपेक्षा जास्तच येत होतं, आणि जळत नव्हतं.

इथून ठिणगी. प्लग पुन्हा कॅपमध्ये खोचायचा आणि त्याचा आट्यांचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवायचा. प्लगच्या भोकापासून मात्र लांब, आणि भोकावर कोरडं फडकं झाकून, कारण किक मारली की तिथून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो आणि समोरच ठिणगी उडत असते. सांडलेलं पेट्रोल पुसून वाळू द्यायचं. प्लग किंवा कॅप हातात धरायची नाही. कॅप नुसती लोंबकळत ठेवून किकही मारायची नाही. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही की तो दाब कॉइलच्या आत फुटतो आणि चांगली कॉइल खराब होते.

सावलीत बघायचं. चांगली ठिणगी जाड, निळसर-पांढरी असते आणि दर फेऱ्याला 'टक' असा आवाज देते. आवाज महत्त्वाचा आहे, कारण उजेडात डोळा फसतो. भाच्याच्या प्लगची ठिणगी बारीक, केशरी होती. ती फटीतून नीट उडी मारण्याऐवजी कधी चिनीमातीवरून सरपटल्यासारखी दिसायची, कधी नसायचीच.

त्या सरपटण्याचं कारण काजळीत आहे. काजळी म्हणजे कार्बन आणि कार्बनमधून वीज वाहते. प्लगमधली चिनीमाती मधल्या टोकाला बाहेरच्या कवचापासून वेगळं ठेवण्यासाठी असते. तिच्यावर काजळीचा थर बसला की विजेला फटीतून उडी मारण्याची गरजच उरत नाही, ती थरावरून गुपचूप उतरून जाते. आणि हे झालं बाहेरच्या मोकळ्या हवेतलं. एक मिलिमीटर मोकळी हवा ओलांडायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. सिलेंडरमध्ये तीच हवा दाबून ठासलेली असते, तिथे याच्या कितीतरी पट लागतात. म्हणून बाहेर ठिणगी दिसली म्हणजे आत नक्की उडते असं नाही. बाहेरच मरतुकडी असेल तर आत ती उडत नाही असंच धरून चालायचं.

मग त्याच कॅपमध्ये, त्याच वायरवर खिशातला नवा प्लग लावला. निळी, जाड ठिणगी, टक, टक, टक. या एका चाचणीनं कॉइल, सीडीआय, मॅग्नेटजवळची पिकअप कॉइल आणि सगळं वायरिंग निर्दोष ठरलं, कारण बदलला होता तो फक्त प्लग. भाच्याचे कॉइलचे पैसे वाचले. नव्या प्लगनंही ठिणगी आली नसती, तर कॅप पिळून काढली असती. ती आट्यांवर बसते. पावसात भिजून आतली तांब्याची तार हिरवी पडलेली असते, ती पाच मिलिमीटर कापून कॅप परत पिळली की कित्येक गाड्या चालू होतात. कॅपच्या रबराला चीर असेल तर रात्री अंधारात किक मारताना तिच्यावरून निळ्या रेघा पळताना दिसतात. त्याच्या पुढची तपासणी मीटर हाताळणाऱ्यावर सोपवावी.

सेल्फच्या गाड्यांचं आणखी एक. काही गाड्यांची ठिणगी थेट मॅग्नेटच्या कॉइलवर चालते, काहींची बॅटरीवर. बॅटरीवर चालणारी असेल आणि बॅटरी थकलेली असेल, तर सेल्फ सगळा करंट ओढून घेतो आणि ठिणगीला उरतच नाही. इंजिन फिरतं, पण पकडत नाही. अशी गाडी बटणानं होत नाही आणि किकनं किंवा धक्क्यानं लगेच होते. हा फरक दिसला की प्लगकडे जाण्याऐवजी बॅटरीकडे जायचं.

भाच्याला वाटलं, काम झालं. गॅरेजमध्येही तीन वेळा इथेच थांबले होते. पण दहा दिवसांत प्लग काळा का पडतो, हा प्रश्न तसाच होता. प्लग काळा पडला म्हणून गाडी बंद पडली हे खरं, पण प्लग आपोआप काळा पडत नाही.

आधी ओव्हरफ्लो झालेलं इंजिन मोकळं केलं. चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला, प्लग काढलेला, चावी बंद आणि आठ-दहा किका. आतलं पेट्रोल हवेबरोबर बाहेर पडतं. मग नवा प्लग बसवला. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली, पण सायलेन्सरमधून काळा धूर आला, आणि ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन मोकळं होण्याऐवजी भक-भक करत गुदमरायचं. काळा धूर, काळा प्लग, गुदमरणं: पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. इंजिनाच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. पेट्रोल नीट जळायला वजनानं त्याच्या साधारण पंधरा पट हवा लागते, आणि ती मिळाली नाही की न जळलेला कार्बन काजळी होऊन बसतो.

चोकही बसलेला नव्हता. त्याची पट्टी शेवटपर्यंत मागे जात होती. अडकलेला चोक हे अशा काजळीचं नेहमीचं कारण असतं, म्हणून तो आधी बघायचा. मग बाजूचं पॅनल काढून एअर फिल्टरची पेटी उघडली. भाचा म्हणाला, "फिल्टर दसऱ्याला नवा टाकलाय मामा." खरंच होतं, कागदी फिल्टर स्वच्छ होता. मी पेटीचं झाकण तसंच उघडं ठेवून गाडी चालू केली आणि अर्ध्या मिनिटात धूर कमी झाला. ॲक्सिलरेटर पिळला तर इंजिन मोकळेपणानं वर गेलं. झाकण लावलं की पुन्हा गुदमरलं. म्हणजे अडथळा फिल्टरमध्ये नव्हता, पेटीत हवा येण्याच्या वाटेवर होता.

सीट काढली. सीटखाली त्या पेटीला बाहेरची हवा घेणारी रबरी सोंड असते. तिच्यात बोट घातलं तर बोट अडलं. लांब चिमट्यानं ओढत ओढत बाहेर काढलं तर उंदराचं घरटं: वाळलेल्या पाचटाचे तुकडे, उसाच्या चिपाडाचा भुगा, सीटमधल्या पिवळ्या फोमचे कण आणि पोत्याचे प्लास्टिकचे धागे. मूठभर माल, सोंडेच्या मापाचा घट्ट बसलेला. गाडी दिवसभर गुऱ्हाळाच्या चिपाडाच्या गंजीशेजारी उभी असायची. उबदार जागा आणि शेजारी हवं तेवढं सामान, उंदराला आणखी काय हवं.

चोक ओढल्यावर काय होतं ते आठवा. हवेची वाट अरुंद होते, इंजिनाची ओढ मात्र तेवढीच राहते, म्हणून जेटमधून जास्त पेट्रोल वर खेचलं जातं. गार इंजिन चालू करताना ते मिनिटभर हवंच असतं. या घरट्यानं तो चोक महिनाभर ओढून ठेवला होता. भरीला भाच्याचा प्रवास फक्त दोन किलोमीटरचा. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते, पण दोन किलोमीटर हळू चालवलेल्या गाडीचा प्लग तिथवर पोचत नाही. रोज थोडी काजळी बसायची, जळायची नाही, आणि दहाव्या दिवशी सकाळी ठिणगी मरायची. नवा प्लग कोरा असल्यानं पुन्हा दहा दिवस मिळायचे. म्हणूनच प्रत्येक वेळी प्लग हाच दोषी वाटला.

सोंड मोकळी केली तरी गाडी संथ चालताना आता लडखडायला लागली. कारण आधीच्या मेकॅनिकनं काळा धूर बघून कार्बोरेटरचा एअर स्क्रू बराच बाहेर काढून ठेवला होता. हवा कमी पडत होती म्हणून त्यानं इथून वाढवली होती. एका दोषावर दुसऱ्या फेरफारानं मलमपट्टी केली की खरा दोष निघाल्यावर ती पट्टी आडवी येते. स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत बसवून गाडीच्या पुस्तकात दिलेले दोन फेरे बाहेर काढला, तेव्हा इंजिन एका लयीत आलं.

हवेच्या बाजूला आणखी दोन गोष्टी तपासायच्या असतात. त्या इथे लागल्या नाहीत, पण सोंड आणि फिल्टर मोकळे असूनही गाडी पकडत नसेल तर लागतात. एक, आत घेतलेली हवा बाहेर जाते का: किक मारताना सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरला तर फुंकर जाणवली पाहिजे. दोन, हवा आत दाबली जाते का: प्लग काढून भोकावर अंगठा घट्ट धरायचा आणि दुसऱ्यानं किक मारायची. अंगठा उडाला पाहिजे. सहज दाबून राहिला तर कॉम्प्रेशन नाही. अशा वेळी पहिली शंका टॅपेटची घ्यावी. तिथली फट मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतकी असते. ती संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाबलेली हवा निसटते. नुसती टॅपेट नीट लावून चालू झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. मात्र त्या जागी रिंग आणि पिस्टनचा खर्च सांगितला जातो, म्हणून आधी फट मोजून घ्यायचा आग्रह धरावा.

१ एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरच नाही, इंजेक्शन आहे. क्रम तोच, खुणा वेगळ्या. चावी फिरवली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. तो आवाज आला नाही तर आधी फ्यूज, मग पंप. इंजिनाचा पिवळा दिवा चालू राहिला किंवा ठरावीक वेळा लुकलुकला तर तो कोड सांगतोय, तो मोजून ठेवावा. गाडी पडली असेल तर चावी एकदा बंद करून पुन्हा चालू करायची, कारण कलल्याचा सेन्सर इंजिन बंद करून ठेवतो. पेट्रोलचा पाइप मात्र उघडायचा नाही. त्यात साधारण तीन किलोचा दाब असतो आणि गरम इंजिनावर तो फवारा उडतो.

त्या दिवशी निघताना सोंडेच्या तोंडावर मोठ्या भोकांची तारेची जाळी बांधली, हवा अडणार नाही पण उंदीर शिरणार नाही अशी. पंधरा दिवसांनी भाच्याला प्लग काढून फोटो पाठवायला सांगितला. चिनीमाती कोरडी होती आणि तिचा रंग भाजलेल्या बिस्किटासारखा आला होता.